प्लेट सरकतात याचा पुरावा काय? सह्याद्रीच्या दगडापासून किल्लारीपर्यंत

प्रश्न: मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. भारतीय प्लेट उत्तरेकडे सरकली, आशियाला धडकली आणि हिमालय उभा राहिला, हे पुस्तकात आहे. एका मुलीने विचारलं, "बाई, हे कोणी पाहिलं?" मी जीवाश्मांचं आणि किनारे जुळण्याचं सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. खरा पुरावा काय आहे? सीमा तीन प्रकारच्या असतात, त्यावरून भूकंप आणि पर्वत कसे समजावायचे? आणि सगळं सीमेवरच घडत असेल तर किल्लारीला भूकंप का झाला?

उत्तर:

तुमच्या विद्यार्थिनीला पहिलं उत्तर असं द्या: आता आपण ते रोज पाहतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एक जीपीएस केंद्र आहे. जमिनीत घट्ट बसवलेला अँटेना उपग्रहांवरून स्वतःची जागा मोजत राहतो. तो वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. तीस वर्षांत सुमारे दीड मीटर, म्हणजे शाळेच्या बाकाएवढं अंतर. तिबेटमधली केंद्रं त्याच दिशेने जातात, पण त्यांचा वेग कमी आहे. मागचा वेगात आणि पुढचा सावकाश, म्हणजे मधली जमीन दाबली जाणारच.

पण तीस वर्षांच्या मापावरून कोट्यवधी वर्षांचा प्रवास सिद्ध होत नाही. त्यासाठी दगडांकडे जावं लागतं. जीवाश्मांनी तुमचं समाधान झालं नाही, हे योग्यच आहे. १९१२ साली वेगेनरने खंडवहनाची कल्पना मांडली तेव्हा त्याच्याकडे असाच पुरावा होता. कामठीच्या खडकांत सापडणारी ग्लोसोप्टेरिसची पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या कातळावर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. विदर्भाच्या उन्हात उभं राहून ते ओरखडे बघताना अंगावर काटा येतो. पण विरोधकांचं म्हणणं होतं की पूर्वी खंडांमध्ये जमिनीचे पूल असतील, हवामान वेगळं असेल. या पुराव्यातून खंड किती सरकला, कधी सरकला, हा आकडा निघत नाही. आकडा पहिल्यांदा दिला तो खडकांतल्या चुंबकत्वाने, आणि त्यातला एक महत्त्वाचा धडा आपल्या सह्याद्रीतून मिळाला.

बेसॉल्टमध्ये गोठलेला होकायंत्राचा काटा

लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक कण ५८० अंश सेल्सियसच्या खाली आले की त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात. पुढे दगड कुठेही गेला तरी ती दिशा त्याच्यात राहते. पृथ्वीचं क्षेत्र विषुववृत्तावर आडवं असतं आणि ध्रुवाकडे जावं तसा त्याचा कल वाढत जातो. उत्तर गोलार्धात काट्याचं उत्तरेचं टोक खाली झुकतं, दक्षिण गोलार्धात वर उचलतं. म्हणजे दगडातल्या काट्याचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. नियम सोपा आहे: अक्षांशाच्या टॅनची दुप्पट म्हणजे कलाचा टॅन.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण पुराव्यावर विश्वास बसतो तो तिथेच. वाईहून पसरणी घाट चढताना रस्त्याच्या कडेला बेसॉल्टचे थर एकावर एक दिसतात. त्यातला ताजा, न कुजलेला भाग निवडायचा, पाण्याने थंड ठेवलेल्या पोकळ ड्रिलने अडीच सेंटीमीटर जाडीची कांडी काढायची आणि ती सुटण्याआधी तिच्यावर दिशेची खूण करायची. दिशा साध्या होकायंत्राने घेतली तर फसगत होऊ शकते, कारण भोवतालचा बेसॉल्टच त्याचा काटा ओढतो. म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतात. डोंगरमाथ्यावरचे नमुने शक्यतो टाळायचे, कारण तिथे वीज पडून खडक नव्याने चुंबकित झालेला असतो.

प्रयोगशाळेत आणखी एक अडचण येते. दगडाने आजच्या क्षेत्राचाही थोडा पुट चढवून घेतलेला असतो. तो काढण्यासाठी कांडी टप्प्याटप्प्याने तापवून, चुंबकीय क्षेत्र नसलेल्या पेटीत थंड करतात. शंभर अंश, दोनशे, तीनशे असं चढत गेलं की वरचं, कच्चं चुंबकत्व निघून जातं आणि दिशा एका जागी स्थिरावते. ती मूळची. दिशा स्थिरावलीच नाही तर तो नमुना बाजूला ठेवायचा. एकाच थरावर निष्कर्षही काढायचा नाही, कारण क्षेत्र शतकाशतकाला थोडं डोलतं. अनेक थरांची सरासरी घ्यावी लागते.

दख्खनच्या बहुतेक थरांत काटा आग्नेयेकडे आणि खाली वळलेला मिळतो. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत तो बरोबर उलटा, वायव्येकडे आणि वर असतो. म्हणजे लाव्हा वाहत असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले. आता या वरच्या थरांचा अर्थ लावून पाहा. काटा उत्तरेच्या अंगाला आणि वर उचललेला, हे चिन्ह दक्षिण गोलार्धाचं. सह्याद्रीचा दगड सांगतो की मी विषुववृत्ताच्या पलीकडे जन्मलो.

किती पलीकडे? कल ढोबळमानाने ४५ ते ५० अंश येतो, आपण ४९ धरू. ४९ अंशांचा टॅन १.१५, त्याचा निम्मा ०.५७५, आणि तो सुमारे ३० अंशांचा टॅन. म्हणजे ३० अंश दक्षिण. महाबळेश्वर आज १८ अंश उत्तरेवर आहे. फरक ४८ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, एकूण सुमारे ५,३०० किलोमीटर. या थरांचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. भागाकार केला की सरासरी वेग वर्षाला आठ सेंटीमीटर येतो. हे गणित दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येतं आणि करावं. फक्त एक मर्यादा सांगून ठेवा: या पद्धतीने उत्तर-दक्षिण प्रवास कळतो, पूर्व-पश्चिम नाही, कारण कलाला रेखांश माहीत नसतो.

आठ सेंटीमीटर ही सरासरी, आणि आज मोजलेला वेग पाच. मग मधे काय झालं? त्याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे.

अरबी समुद्रातले पट्टे

१९६२ च्या अखेरीस 'ओवेन' या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजाने अरबी समुद्रात, विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला, कार्ल्सबर्ग रिज नावाच्या बुडालेल्या पर्वतरांगेवर एक छोटा चौकोन बारकाईने मोजला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळातलं हे काम. याच मोहिमेतून पुढे १९६६ साली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. जहाजामागे ओढलेल्या चुंबकमापकाने तळाचं चुंबकीय क्षेत्र नोंदवलं. केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज ती मोजणी घेऊन आले आणि त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन गणिताला बसला.

तळावर क्षेत्र कुठे सरासरीपेक्षा जास्त, कुठे कमी, असे पट्टे होते. तिथल्या दोन बुडालेल्या डोंगरांचा हिशेब व्हाइनने केला तेव्हा एक आजच्या क्षेत्राच्या दिशेने चुंबकित निघाला आणि दुसरा उलट. दोघांनी सप्टेंबर १९६३ मध्ये कल्पना मांडली: रिजच्या मध्यावर लाव्हा वर येतो, गोठतो, दोन बाजूंना सरकतो. पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटतं, म्हणून तळावर सरळ आणि उलट असे पट्टे उमटत जातात. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना हेच स्वतंत्रपणे सुचलं होतं, पण दोन नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला.

कार्ल्सबर्ग रिजवर तळ खडबडीत आणि प्रसरण सावकाश, म्हणून तिथले पट्टे फार स्वच्छ नाहीत. अनेकांना ते पटले नाहीत. मग प्रशांत महासागराच्या दक्षिण भागातली 'एल्टॅनिन' या जहाजाची नोंद १९६६ साली पुढे आली. तो आलेख मधोमध घडी घातला तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. त्यानंतर विरोध झपाट्याने ओसरला. १९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने अटलांटिकच्या तळात छिद्रं पाडली, तेव्हा रिजपासून दूर जावं तसं वय वाढत जातं हे थेट गाळाच्या नमुन्यांतून दिसलं. यातली ताकद लक्षात घ्या: पट्ट्यांवरून आधी वय वर्तवलं, मग छिद्र पाडून तपासलं, आणि ते जुळलं.

वेग काढायचा हिशेब इथेही सोपा आहे. क्षेत्र शेवटचं उलटलं ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. समजा रिजच्या मधला पट्टा एका बाजूला दहा किलोमीटर रुंद आहे. दहा किलोमीटर भागिले ७.८ लाख वर्षं, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वा सेंटीमीटर. दोन्ही बाजू मिळून अडीच. कार्ल्सबर्ग रिजचा वेग साधारण याच मापाचा आहे. पट्टा रुंद असेल तर प्लेट वेगात होती, अरुंद असेल तर सावकाश.

आणि आता मघाचा प्रश्न. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागराच्या तळावर भारताच्या प्रवासाचे पट्टे आहेत. मॅकेन्झी आणि स्क्लेटर यांनी १९७१ मध्ये त्यांचा नकाशा लावला. जुने पट्टे रुंद आहेत, वेग वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्याही वर जातो. मग सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांपासून ते एकदम अरुंद होतात. प्लेटच्या मागच्या टोकाला नोंदवलेला हा ब्रेक आहे, आणि तो लागला पुढच्या टोकाला, आशियाशी गाठ पडल्यामुळे. हिमालयाच्या जन्माची एक तारीख अशी हिमालयापासून हजारो किलोमीटर दूर, समुद्राखाली लिहिलेली आहे. माझ्या दृष्टीने प्लेट विवर्तनाचा याहून सुंदर पुरावा नाही.

एकाच प्लेटच्या तीन कडा

सीमांचे प्रकार शिकवताना जगभरची उदाहरणं गोळा करण्यापेक्षा भारतीय प्लेटचीच प्रदक्षिणा घाला. नैऋत्येला कार्ल्सबर्ग रिज, अपसारी सीमा. तिथे प्लेट ताणली जाते, भूकंप उथळ आणि मध्यम असतात, कारण गरम, पातळ खडक फार ताण साठवू शकत नाही. वायव्येला अरबी प्लेटला घासत जाणारा ओवेन भ्रंशपट्टा, समांतर सीमा. तिथे जमीन निर्माण होत नाही की नष्ट होत नाही, फक्त बाजूने घसरते, म्हणून भूकंप होतात पण ज्वालामुखी नसतात. पूर्वेला आणि उत्तरेला अभिसारी सीमा आहेत, त्यांवर थांबायला हवं, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात.

आधी पूर्वेकडची. अंदमान-सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाची जुनी, थंड, जड प्लेट बेटांखाली शिरते. हे भूकंपांच्या खोलीवरून दिसतं. १९६० च्या दशकात अणुचाचण्या पकडण्यासाठी जगभर एकसारखी भूकंपमापक यंत्रं बसवली गेली, त्यातलं एक पुण्यातही होतं. त्यामुळे नाभी नेमक्या कळू लागल्या. गर्तेजवळ भूकंप उथळ, पूर्वेकडे जावं तसे खोल. नाभींचे ठिपके जोडले की खाली झुकलेली एक पाटी दिसते. ती जवळपास शंभर किलोमीटर खोल गेली की तिच्यातलं पाणी सुटतं, त्याने वरच्या खडकाचा वितळबिंदू उतरतो आणि वर ज्वालामुखी तयार होतो. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येचा बॅरन आयलंड हा तोच.

दोन प्लेट सतत सरकत नाहीत. त्यांच्यातला उथळ भाग अडकून बसतो. खाली जाणारी प्लेट वरच्या प्लेटची कड आपल्याबरोबर खाली ओढते, आणि मागचा भाग फुगतो. २६ डिसेंबर २००४ ला हा अडकलेला पृष्ठभाग सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर सुटला. बेटांच्या रांगेत गर्तेकडची बाजू उसळून वर आली आणि पाठीमागची खाली बसली. उत्तर अंदमानात पोवळ्यांचे खडक पाण्याबाहेर पडले, तर ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट चार मीटरच्या आसपास खचला आणि दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. तळाच्या त्याच उसळीने त्सुनामी उठली. एकच भूकंप एक किनारा उचलतो आणि दुसरा बुडवतो, हे कोडं या वाकलेल्या पट्टीच्या चित्राशिवाय सुटत नाही. प्लास्टिकची फूटपट्टी बाकाच्या कडेला धरून वाकवा आणि सोडा, वर्गाला कळेल.

हिमालय: जो बुडू शकला नाही

उत्तरेकडेही आधी असंच चाललं होतं. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाखाली जात होता. त्या समुद्राचा एक तुकडा कदाचित तुमच्या देवघरात असेल. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे काळ्या गोट्यात जपला गेलेला अमोनाइट, टेथिसच्या पाण्यात पोहणारा शंखधारी जीव. काही शाळिग्राम फुटलेले असतात, त्यांत शंखाची कड्याकड्यांची वळणं स्पष्ट दिसतात, ज्यांना आपण चक्र म्हणतो. हा समुद्रजीव हिमालयातून वाहत येणाऱ्या नदीत सापडतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रात साचलेला आहे. मुलांना जीवाश्मांचा पुरावा द्यायचाच असेल तर हा द्या, तो हाताला लागतो.

समुद्रतळ संपला आणि भारताचा भूखंड येऊन भिडला. भूखंडाचं कवच जाड आणि हलकं, ते प्रावरणात खोल बुडत नाही. म्हणून ते आशियाच्या कडेखाली अगदी थोड्या उतारावर, सात-दहा अंशांनी शिरलं, आणि त्याच्या वरच्या चकत्या सुटून एकावर एक रचल्या गेल्या. तिबेटखाली भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या जवळपास दुप्पट. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. हिमालयात ज्वालामुखी नाहीत, कारण खोल बुडणारी ओली प्लेट उरली नाही. आणि भूकंप बहुतेक उथळ आहेत, म्हणून ते घरांना फार घातक ठरतात.

गोरखा भूकंपाचा हिशेब मांडून बघू. भारत-आशिया यांचं एकूण जवळ येणं वर्षाला चार सेंटीमीटरच्या आसपास. त्यातलं निम्मं हिमालयाच्या पायथ्याखालच्या मोठ्या प्रस्तरभंगावर जमा होतं, बाकीचं तिबेट आणि त्यापलीकडे विखुरतं. म्हणजे दर वर्षी दोन सेंटीमीटर सरकणं बाकी राहतं. काठमांडूच्या परिसरात १८३३ मध्ये मोठा भूकंप झाला होता. तिथून २०१५ पर्यंत १८२ वर्षं, गुणिले दोन सेंटीमीटर, म्हणजे ३.६ मीटर थकबाकी. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात प्रस्तरभंग बराचसा तीन ते सहा मीटर सरकला. इतका ढोबळ हिशेब इतका जवळ येतो, हे या सिद्धांताचं बळ आहे.

पण इथे एक गोष्ट सांभाळून सांगा. या हिशेबातून "कधी" निघत नाही. थकबाकी ३.६ मीटर झाली की भूकंप होतोच असं नाही, ती आठ मीटरपर्यंतही साचू शकते, आणि एक तुकडा सुटला तरी शेजारचा अडकून राहतो. २०१५ मध्ये भंग दक्षिणेला जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही, पायथ्याकडचा भाग अडकलेलाच राहिला. "अमुक साली हिमालयात मोठा भूकंप" असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे त्यासाठी पुरावा नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार काळ चकवत आली. २०१५ च्या भूकंपात काठमांडू सुमारे एक मीटर वर उचललं गेलं, पण त्याच्या उत्तरेची उंच शिखरांची पट्टी काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जास्त खाली बसली. भूकंपाने पर्वत खचला! मग हिमालय वाढतो कधी? तो वाढतो मधल्या शांत काळात. प्रस्तरभंग अडकलेला असताना दाबाने मागचा भाग वर फुगतो, भूकंपात तो फुगवटा बराचसा ओसरतो, पण पूर्ण नाही. खडक थोडा कायमचा चुरगळलेला, वर चढलेला राहतो. चक्रागणिक उरलेली ती थोडी शिल्लक लाखो वर्षं साचते आणि धूप ती सतत कापत असते. "भूकंपामुळे पर्वत उंच होतात" हे वाक्य म्हणून अर्धवट आहे.

या ओघात सह्याद्रीबद्दलही बोलायला हवं, कारण उत्तरपत्रिकांत तो सर्रास टकरीतून झालेला पर्वत म्हणून येतो. ओळखण्याची खूण घाटात उभं राहिल्याबरोबर दिसते. हिमालयातले थर मुडपलेले, उलटे, एकावर एक चढलेले असतात. सह्याद्रीतले लाव्हाचे थर ताटातल्या भाकरीच्या चवडीसारखे आडवे आहेत. त्यांना कोणी बाजूने दाबलेलं नाही. उलट आपला पश्चिम किनारा एकेकाळी ताणला गेला. सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला. त्याची खूण पनवेल-मुंबईच्या पट्ट्यात आहे: घाटावर आडवे असणारे तेच थर तिथे समुद्राकडे कललेले आहेत. आपण आज राहतो तो कोकणकिनारा एका जुन्या अपसारी सीमेची कड आहे.

मग किल्लारी?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, लातूर-धाराशिवच्या गावांत जमीन हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मापाने मध्यम. पण नाभी दहा किलोमीटरपेक्षाही कमी खोल होती आणि वर मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती, धाब्याचं जड छप्पर. हजारो माणसं झोपेतच गेली.

सर्वांत जवळची सीमा, हिमालय, तिथून हजारभर किलोमीटरहून दूर. तरीही प्लेटचा संबंध सुटत नाही. किल्लारीच्या भूकंपलहरींवरून काढलेली हालचाल दाबाची होती: एक बाजू दुसरीवर चढली, आणि दाबाची दिशा ढोबळमानाने भारताच्या सरकण्याच्या दिशेशी जुळते. मागून रिज ढकलते, पुढे हिमालय अडवतो, मधलं द्वीपकल्प सतत दाबाखाली असतं. एरवी ते एकसंध ठोकळ्यासारखं वागतं. जीपीएसमध्ये त्याचं आतल्या आत आकुंचन जवळपास दिसतच नाही. पण एखादी जुनी कमकुवत रेघ सापडली तर हजारो वर्षं थेंबाथेंबाने साठलेला ताण तिथे सुटतो. हिमालयाच्या मानाने हे खातं इतकं सावकाश भरतं की माणसाच्या स्मृतीत त्याची आधीची नोंद सापडेलच असं नाही. "दख्खन स्थिर आहे" हे वाक्य पुस्तकात आलं ते त्यामुळेच.

११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला, गर्तेबाहेर, प्लेटच्या आतच ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. म्हणजे प्लेट अखंड, ताठ आणि फक्त कडेला हलणारी, हे वर्णन उपयोगी असलं तरी अपुरं आहे. जगातली भूकंपांची बहुतांश ऊर्जा सीमांवर सुटते, सगळी नाही.

कोयनेला मात्र किल्लारीच्या रांगेत बसवू नका. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरण भरल्यानंतरच्या वर्षांत झाला आणि तेव्हापासून तिथले धक्के जलाशयाच्या पातळीच्या चढउताराशी संबंध दाखवतात. ताण तिथल्या खडकात आधीपासून होता, पाण्याने भेगांतला दाब वाढवून त्याला वाट दिली. किल्लारीजवळ कोयनेएवढं मोठं धरण नव्हतं.

किल्लारीला भूकंपानंतर खोल छिद्र पाडलं गेलं. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला आणि त्याखाली गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर लाव्हाच्या कितीतरी आधीचा स्फटिकमय खडक. नाभी त्या जुन्या खडकात काही किलोमीटर खाली होती. वर शेत, काळी माती आणि आडवा बेसॉल्ट इतकंच दिसतं. त्यामुळे खाली कोणती रेघ कुठे आहे, हे दख्खनच्या बहुतेक भागात जमिनीवरून ओळखता येत नाही. नवीन ठिकाणी तिचा शोध भूकंपमापकांच्या दाट जाळ्याने, बारीक धक्के वर्षानुवर्षं नोंदवूनच लावावा लागतो.